गुहागरची तीन दिवसांची सहल आणि भाड्याच्या गाडीची दोन कोटेशनं

"आम्ही कोथरूडला राहतो, स्वतःची गाडी नाही. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगा असे पाच जण शुक्रवारी पहाटे सहाला निघून रविवारी रात्री परत, असं गुहागरला जायचं ठरतंय. सेल्फ ड्राइव्ह अर्टिगासाठी दोन कोटेशनं आली आहेत. पहिला म्हणतो, रोजचे 2,700, किलोमीटर कितीही, टाकी फुल घ्या आणि फुल द्या, डिपॉझिट 10,000, नुकसान झालं तर 10,000 पर्यंत तुमचं. दुसरा म्हणतो, रोजचे 1,900, त्यात रोजचे 150 किलोमीटर, पुढे किलोमीटरला 12 रुपये, पेट्रोल जेवढं असेल तेवढंच परत, डिपॉझिट 5,000 आणि नुकसानीचं 'जे होईल ते'. शिवाय ऑफिसमधला एक जण ओळखीतून पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी 1,600 ला मिळवून देतो म्हणतो. गाडी आम्ही दोघंही चालवणार. कोणती घ्यावी?"
– कोथरूडची एक वाचक

ताई, पहिली घ्या. मात्र पैसे भरण्याआधी त्याला एक प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्या. तो प्रश्न नुकसानीचा आहे, त्याकडे येतेच. आधी किलोमीटरचा हिशेब उरकू.

कोथरूडहून सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण या वाटेने गुहागर साधारण 280 किलोमीटर पडतं. जाऊन-येऊन 560 झाले. गुहागरला पोचल्यावर तुम्ही वेळणेश्वर आणि हेदवीला नक्की जाल, शिवाय बाजार, जेवण, समुद्र, असे मिळून 100 धरा. एजन्सीचे किलोमीटर तुमच्या दारापासून नव्हे, तिच्या पार्किंगपासून मोजले जातात, त्याचे दोन्ही बाजूंचे मिळून 20. म्हणजे सगळे मिळून 680.

पहिल्याचं भाडं तीन दिवसांचे 8,100, विषय संपला. दुसऱ्याचे तीन दिवसांचे 5,700 आणि त्यात 450 किलोमीटर. वरचे 230 किलोमीटर बाराने गुणले की 2,760. एकूण 8,460. म्हणजे 'स्वस्त' वाटणारी गाडी 360 रुपयांनी महाग पडते. दोन्ही कोटेशनं 650 किलोमीटरवर समान होतात. रोजच्या भाड्यात 800 चा फरक आहे, तीन दिवसांचा 2,400, आणि 2,400 भागिले 12 म्हणजे 200 किलोमीटर. ते 450 मध्ये मिळवले की झाले 650. त्याच्या आत राहिलात तर दुसरा परवडतो, पुढे गेलात तर पहिला. तुमची सहल त्या रेषेच्या जराशी पुढे आहे.

पण हा 8,460 चा आकडासुद्धा तेव्हाच खरा, जेव्हा दुसरा माणूस तीन दिवसांचे किलोमीटर एकत्र धरतो. काही जण रोजचा हिशेब रोज बंद करतात. तुमचे शुक्रवारी 290 होतील, शनिवारी फक्त 100 आणि रविवारी पुन्हा 290. रोजचा वेगळा हिशेब असेल तर शनिवारचे न वापरलेले 50 वाया जातात, आणि दोन प्रवासाच्या दिवसांचे 140-140 म्हणजे 280 किलोमीटर जादाचे लागतात. मग भाडं 9,060 वर जातं. कोटेशनमध्ये 'रोजचे 150' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ गाडी परत देताना कळतो, म्हणून आधीच विचारायचं की तीन दिवसांचे 450 एकत्र की नाही. याच दुसऱ्या गाडीने तुम्ही दोन दिवसांसाठी महाबळेश्वरला जाणार असतात, जाऊन-येऊन आणि फिरून 300 किलोमीटर, तर मी डोळे झाकून तीच घ्या म्हटलं असतं. तिथे 3,800 विरुद्ध 5,400 असा सरळ फरक आहे.

दोघांनाही आणखी एक विचारा: सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का. एकाने धरला आणि दुसऱ्याने नाही, तर वरची सगळी तुलना कोलमडते.

आता पेट्रोल. खर्च दोन्हीकडे तुमचाच आहे. पाच माणसं, सामान, एसी आणि घाट धरला तर अर्टिगा लिटरला 14 च्या आसपास देईल. लिटरचा भाव 105 धरला तर 680 किलोमीटरला साधारण 5,100 रुपये. फरक पडतो तो परत देताना. अर्टिगाची टाकी 45 लिटरची. काट्यावर आठ खुणा धरल्या तर एका खुणेत साडेपाच लिटर मावतात, म्हणजे जवळपास 590 रुपयांचं पेट्रोल. 'जेवढं असेल तेवढं' या पद्धतीत गाडी तुम्हाला अडीच खुणांवर मिळते आणि परत देताना तुम्हाला तोच अडीचचा अंदाज साधायचा असतो. चढावर उभ्या गाडीचा काटा वेगळा दिसतो, सपाटीवर वेगळा. कमी पडलं तर कापतात, आणि तेही बहुतेक वेळा पंपाच्या भावापेक्षा जास्त दराने. जास्त भरलं गेलं तर परत मात्र कोणी देत नाही. त्यामुळे माणूस धास्तीने एक खूण जास्तच भरून ठेवतो. गाडी अगदी तळाला दिली असेल, तर पहाटे सहाला आधी पंप शोधावा लागतो तो वेगळाच.

टाकी फुल-टू-फुल असेल तर हा वाद उरत नाही, फक्त दिलेली टाकी खरोखर फुल आहे का ते तपासा. काटा 'फुल'वर असणं आणि टाकी काठोकाठ असणं यात काही लिटरांचा फरक पडू शकतो. काठोकाठ भरलेल्या गाडीचा काटा पहिले बरेच किलोमीटर हलत नाही. कोथरूडहून निघून कात्रजच्या आसपासच काटा खाली सरकला, तर टाकी फुल नव्हती. यावर सोपा उपाय म्हणजे गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्या पंपावर थांबून नॉझल आपोआप बंद होईपर्यंत भरून घ्या. दोन-तीन लिटरपेक्षा जास्त गेलं तर पावती आणि डॅशबोर्डचा फोटो तिथूनच एजन्सीला व्हॉट्सअॅप करा. परत येताना एजन्सीजवळच्या पंपावर तसंच, नॉझल बंद होईपर्यंत भरा आणि पावती ठेवा. पावतीवर वेळ असते, तिच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

गाडी पेट्रोलची की सीएनजीची, हेही आजच विचारा. भाड्याच्या अर्टिगा बऱ्याचदा सीएनजीच्या असतात. टाकी मागच्या जागेत बसवलेली असते. पाच जणांच्या बॅगा ठेवायला तुम्हाला तिसरी रांग पाडावी लागेल, मग जागा पुरेल, पण आधी माहीत असलेलं बरं. आणि सीएनजीच्या गाडीत फुल-टू-फुल म्हणजे नेमकं काय फुल, पेट्रोल, गॅस की दोन्ही, हे ठरवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. 'गाडीला इन्शुरन्स आहे' हे दोघांनीही तुम्हाला सांगितलं असेल आणि ते खरंही असेल. पण लहान नुकसानीत तो इन्शुरन्स वापरला जात नाही, ग्राहकाच्या डिपॉझिटमधून पैसे वळते होतात. त्यामागचं गणित असं. क्लेम घेतला की मालकाची पुढच्या हप्त्यातली नो-क्लेम सवलत जाते. प्रत्येक क्लेममध्ये ठराविक रक्कम मालकाने सोसायचीच असते. आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी कापली जाते. बंपर प्लास्टिकचा असतो. बंपर आणि दाराच्या ओरखड्यासाठी क्लेम करणं मालकाला तोट्याचं, म्हणून तो करत नाही. त्यामुळे तुम्ही विचारायचं ते हे की क्लेम न करता माझ्याकडून जास्तीत जास्त किती घेणार.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा, कारण गुहागरला तो सहज घडण्यासारखा आहे. तिथले आतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. समोरून टेम्पो आला, तुम्ही गाडी डावीकडे घेतली आणि मागचं दार, त्यामागचा पत्रा आणि बंपरची कड गडग्याला घासली. कोणाला इजा नाही, गाडी चालू आहे. पुण्यात परत आल्यावर एजन्सी बिल काढते: दोन पत्र्यांचं डेंटिंग-पेंटिंग 9,000 आणि बंपर 3,000. हे झाले 12,000. त्याखाली आणखी एक ओळ येते, 'गाडी चार दिवस गॅरेजमध्ये, त्या दिवसांचं भाडं'. दुसऱ्याच्या दराने ते 7,600, म्हणजे एकूण 19,600. तुमचं 5,000 चं डिपॉझिट गेलं आणि वर 14,600 मागितले जातील. 'जे होईल ते' याचा अर्थ हा.

पहिल्याने 10,000 ची मर्यादा घातली आहे, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण मर्यादा कशावर आहे? फक्त दुरुस्तीवर असेल तर दुरुस्तीचे 10,000 आणि गॅरेजच्या चार दिवसांचं भाडं 2,700 च्या दराने 10,800, असे मिळून 20,800 होतात. म्हणजे मर्यादा असूनही दुसऱ्यापेक्षा जास्त. मर्यादेत गॅरेजचे दिवस धरलेले असतील तर सगळं मिळून 10,000 च्या वर एक रुपया नाही. एकाच वाक्याच्या दोन अर्थांमध्ये तुमचे 10,800 अडकले आहेत, म्हणून हा प्रश्न लेखीच हवा. तो 'नाही, गॅरेजचं भाडं वेगळं' म्हणाला तर घासाघीस करा: जास्तीत जास्त दोन दिवस आणि निम्म्या दराने. चांगला एजन्सीवाला यावर बोलायला तयार असतो. बोलायलाच तयार नसेल तर तिसऱ्या एजन्सीकडे चौकशी करा.

मर्यादेतून सहसा काय वगळलेलं असतं तेही वाचा. टायर, रिम, काचा, गाडीचा पोटाकडचा भाग, हरवलेली किल्ली आणि क्लच हे बहुतेक ठिकाणी पूर्णपणे ग्राहकाचं. टायर तुमच्या माथी असेल तर तो घेतानाच बघायला हवा. टायरच्या कडेवर 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2321 असेल तर तो 2021 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलाय. पाच-सहा वर्षं उलटलेला किंवा कडेला फुगवटा आलेला टायर असेल तर बदलून मागा, नाहीतर दुसरी गाडी. घाटात असा टायर फुटला तर धोका तुमच्या माणसांना आणि बिलही तुम्हाला. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हेही तिथेच उघडून बघा.

तुम्ही दोघंही चालवणार म्हणता, तर करारात दोघांचीही नावं आणि लायसन्स नंबर घालून घ्या. यजमानांच्या नावावर गाडी आणि अपघाताच्या वेळी स्टिअरिंगवर तुम्ही, अशी वेळ आली तर मर्यादा-बिर्यादा सगळं गुंडाळून पूर्ण खर्च मागितला जातो. जादा ड्रायव्हरचे दोन-तीनशे घेत असतील तर द्या.

गाडी घेताना व्हिडिओ काढतात सगळेच, पण कामाचा व्हिडिओ कमी जण काढतात. नंबरप्लेटपासून सुरू करून न थांबता गाडीभोवती एक फेरी मारा. चारही रिम जवळून घ्या, बंपरची खालची कड वाकून घ्या, पुढच्या काचेवर खड्याचा टिपका आहे का बघा, मग आत बसून इंजिन चालू करा आणि किलोमीटर, पेट्रोलचा काटा, पेटलेले दिवे टिपा. गाडी नुकतीच धुऊन ओली दिली असेल तर फडक्याने पुसा, कारण पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत. तुम्हाला पहाटे सहाला निघायचंय, म्हणजे अंधार. म्हणून शक्य असेल तर गुरुवारी संध्याकाळी उजेडातच गाडी बघून व्हिडिओ करून घ्या, किंवा किमान एजन्सीसमोरच्या दिव्याखाली उभी करायला सांगा. व्हिडिओ तिथूनच, गाडी हलवण्याआधी, त्यांच्या नंबरवर पाठवा. परत देताना तीच फेरी पुन्हा, आणि 'गाडी ठीक मिळाली' हे शब्द मेसेजवर आल्याशिवाय निघू नका. ओरखडा आलाच तर चिपळूणच्या गॅरेजमध्ये परस्पर रंग मारून घेऊ नका. लगेच कळवा, फोटो पाठवा. मोठा अपघात असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. ती नसेल तर खुद्द इन्शुरन्स कंपनीच अडून बसते.

डिपॉझिटबद्दल माझं मत असं की 10,000 आणि 5,000 या आकड्यांची तुलना करू नका, ते परत कधी आणि कसे येतात त्याची करा. एजन्सीच्या खात्यावर यूपीआय केलं तर नोंद राहते. कोणाच्या खाजगी नंबरवर पाठवायला सांगितलं तर नकार द्या. कोरा सही केलेला चेक, मूळ आधार कार्ड किंवा मूळ लायसन्स ठेवून घेऊ देऊ नका. मूळ लायसन्स दाखवायचं, प्रत द्यायची, आणि आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेली द्या. काही जण ग्राहकाची दुचाकी आणि तिचं आरसी बुक ठेवून घेतात. तुम्ही पैसे भरत असाल तर त्याची काही गरज नाही.

डिपॉझिट लगेच न देण्याचं कारण सांगतात ते चलानांचं, आणि ते कारण अगदीच खोटं नाही. कॅमेऱ्याने काढलेलं चलान काही दिवसांनी दिसतं. पण त्याला मुदत हवी, 'परतीनंतर सात दिवसांत' असं लिहून घ्या. गाडीवरची जुनी चलानं तुमच्या नावावर येऊ नयेत म्हणून आधीच mahatrafficechallan.gov.in वर गाडीचा नंबर आणि इंजिन किंवा चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून पानाचा स्क्रीनशॉट काढा. चेसिस नंबर आरसीवर असतो. टोल तुमच्या वाटेवर खेड-शिवापूर आणि आनेवाडी असे दोन, दोन्ही वेळा. तो गाडीच्या फास्टॅगमधून जाईल, म्हणून फास्टॅगचे मेसेज मागून तेवढेच द्या.

पांढऱ्या प्लेटच्या गाडीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती घेऊच नका. सेल्फ ड्राइव्हला परवाना असलेल्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी प्लेट म्हणजे खाजगी गाडी, आणि खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने दिलेल्या वापराला संरक्षण नसतं. अपघात झाला आणि गाडी भाड्याने घेतली होती हे उघड झालं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. मग ओळखीच्या माणसाची लाखाची दुरुस्ती तुमच्या डोक्यावर येते. आरटीओने अडवलं तर सासू-सासऱ्यांना घेऊन रस्त्यावर उतरावं लागेल. रोजचे 1,100 रुपये वाचवण्यासाठी हे करू नका.

राहिली वेळ. शुक्रवारी सकाळी सहापासून तीन दिवस म्हणजे सोमवारी सकाळी सहापर्यंत गाडी तुमचीच आहे, कारण पैसे तुम्ही 72 तासांचे भरताय. रविवारी संध्याकाळी खंबाटकी आणि खेड-शिवापूरला हमखास रांगा लागतात, तेव्हा रात्री नऊची वेळ कोणाला कबूल करू नका. एजन्सीचं ऑफिस रात्री बंद होत असेल तर गाडी सोसायटीत लावून सोमवारी सकाळी द्यायची परवानगी आधीच घ्या, आणि सहानंतर ऑफिस उघडेपर्यंतच्या तासांचे पैसे लागणार नाहीत हेही त्यातच.

आज रात्री दोघांनाही एकच मेसेज पाठवा: "अर्टिगा, शुक्रवार सकाळी 6 ते सोमवार सकाळी 6. भाड्यात जीएसटी आहे का? गाडी काळ्या प्लेटची आहे ना? पेट्रोल की सीएनजी? किलोमीटरची मर्यादा असेल तर तीन दिवसांची एकत्र का? नुकसान झाल्यास गॅरेजमधल्या दिवसांच्या भाड्यासकट जास्तीत जास्त किती, आणि त्यातून काय वगळलंय? दोन ड्रायव्हरची नावं घालाल का? डिपॉझिट किती दिवसांत परत?" पहिल्याचं उत्तर 'सगळं मिळून 10,000' असं आलं की तिथेच बुकिंग करा. दुसऱ्यानेही किलोमीटर एकत्र धरून नुकसानीला 10,000 च्या आतली मर्यादा लिहून दिली, तर 360 रुपये जास्त गेले तरी तीही गाडी चालेल. फक्त मग पेट्रोल फुल-टू-फुल करून मागा.